मेप कमी आला, म्हणून अंदाज बरा?

मागणीचा अंदाज काढायच्या दोन पद्धती समोर आहेत आणि त्यातली एक ठेवायची आहे. बहुतेक ठिकाणी दोन्हींचा मेप काढतात, ज्याचा आकडा कमी ती पद्धत ठेवतात आणि विषय मिटवतात. मीही बरीच वर्षं तेच केलं. मग एकदा एका वस्तूचे महिन्यामहिन्याचे आकडे हाताने मांडून बसलो, तेव्हा कळलं की मेप ज्या पद्धतीला जिंकवत होता ती सहापैकी चार महिन्यांत हरलेली होती.

मेप म्हणजे मीन ॲब्सोल्यूट पर्सेंटेज एरर. नाव लांबलचक आहे, काम साधं आहे. प्रत्येक महिन्यात अंदाज किती नगांनी चुकला ते बघायचं. जास्त चुकला की कमी, हे सोडून द्यायचं, नुसतं अंतर घ्यायचं. त्या अंतराला त्या महिन्याच्या प्रत्यक्ष मागणीने भागून टक्के काढायचे. शेवटी सगळ्या महिन्यांच्या टक्क्यांची सरासरी घ्यायची. अंदाज ४२०, मागणी ४०० असेल तर चूक २० नग, म्हणजे ५ टक्के. टक्क्यांत असल्यामुळे तो कुणालाही सांगता येतो, हे त्याच्या लोकप्रियतेचं खरं कारण. "आमचा अंदाज सरासरी ११५ नगांनी चुकतो" असं म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, कितीपैकी ११५? टक्क्यांत सांगितलं की तो प्रश्न येत नाही.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू. आकडे समजावण्यासाठी मीच बेतलेत, पण अशी मागणी सुट्या भागांच्या गोदामात काम केलेल्या माणसाला ओळखीची वाटेल. वस्तू आहे पंपाला लागणारं सील. पहिल्या तीन महिन्यांत मागणी होती ४००, ४६० आणि ४०० नग. पुढच्या सहा महिन्यांसाठी दोन पद्धती ताडून बघायच्या आहेत. पहिली पद्धत गेल्या तीन महिन्यांच्या सरासरीची, म्हणजे मूव्हिंग ॲव्हरेज. दुसरी त्याहून आळशी: गेल्या महिन्यात जितके गेले तितकेच या महिन्यात जातील, असं धरायचं. अंदाजशास्त्रात हिला नाईव्ह, म्हणजे भोळी पद्धत म्हणतात. नाव चेष्टेचं वाटतं, पण भल्याभल्या सॉफ्टवेअरना ती हरवते, म्हणून तुलनेत ती असायलाच हवी.

सहाव्या महिन्याच्या मध्यावर एका मोठ्या ग्राहकाचा कारखाना दुरुस्तीसाठी बंद झाला आणि आठव्या महिन्याच्या सुरुवातीला पुन्हा चालू झाला, असं समजा. तक्ता असा दिसेल:

| महिना | मागणी | सरासरीचा अंदाज | चूक | भोळा अंदाज | चूक |
|---|---|---|---|---|---|
| ४ | ४६० | ४२० | ४० | ४०० | ६० |
| ५ | ४०० | ४४० | ४० | ४६० | ६० |
| ६ | २८० | ४२० | १४० | ४०० | १२० |
| ७ | १०० | ३८० | २८० | २८० | १८० |
| ८ | ४०० | २६० | १४० | १०० | ३०० |
| ९ | ३१० | २६० | ५० | ४०० | ९० |

नगांत बघितलं तर सरासरीच्या पद्धतीची एकूण चूक ६९० नग, भोळ्या पद्धतीची ८१०. सहाने भागलं की महिन्याला सरासरी ११५ आणि १३५ नग. या मापाला मॅड म्हणतात, मीन ॲब्सोल्यूट डेव्हिएशन. म्हणजे मॅडच्या मते सरासरीची पद्धत बरी, आणि तीही थोडक्यात नाही, २० नगांनी.

आता मेप काढू. सरासरीच्या पद्धतीचे सहा महिन्यांचे टक्के येतात ८.७, १०, ५०, २८०, ३५ आणि १६.१. भोळ्या पद्धतीचे १३, १५, ४२.९, १८०, ७५ आणि २९. सरासरी काढली की पहिलीचा मेप ६६.६ टक्के, दुसरीचा ५९.२. निकाल उलटा! तक्ता तोच, चुका त्याच, आणि भोळी पद्धत सात टक्क्यांहून जास्त फरकाने पुढे.

हे कसं झालं ते सातव्या आणि आठव्या महिन्याच्या ओळींत दिसतं, म्हणून तिथे जरा थांबू. सातव्या महिन्यात भोळ्या पद्धतीने १०० नग वाचवले: २८० ऐवजी १८०. आठव्यात तिने १६० नग गमावले: १४० ऐवजी ३००. दोन्ही महिने मिळून ती ६० नगांनी मागे पडली. पण टक्क्यांत सातव्या महिन्याची कमाई १०० टक्के आणि आठव्याचं नुकसान फक्त ४० टक्के, कारण सातव्या महिन्यात भागाकार १०० ने होतो आणि आठव्यात ४०० ने. मेपच्या हिशेबात सातव्या महिन्यातला एक नग आठव्यातल्या चार नगांइतका भारी आहे. गोदामाला असा काही फरक माहीत नाही. पडून राहिलेलं सील मंदीच्या महिन्यात पडून राहिलं म्हणून चौपट जागा खात नाही.

सातवा महिना झाकून बघा. उरलेल्या पाच महिन्यांत सरासरीच्या पद्धतीचा मेप येतो २४ टक्के आणि भोळ्याचा ३५. म्हणजे निकाल सहा महिन्यांनी मिळून दिलेला नव्हता, एकट्या सातव्या महिन्याने दिला होता. मेप वाचताना मी आता हीच खूण आधी शोधतो: सर्वांत कमी मागणीचा महिना झाकला की क्रम बदलतो का? बदलला तर मेपचा आकडा बाजूला ठेवायचा. सातवा महिना कायमचा काढून टाका असं मात्र मी म्हणत नाही. मंदी खरीच आली होती आणि दोन्ही पद्धती तिच्यात चुकल्या. फक्त तिचं वजन किती, हा प्रश्न आहे.

कमी मागणीचे महिने मेपला फुगवतात, हा झाला एक दोष. दुसरा दोष याच मुळातून येतो आणि माझ्या मते तो जास्त घातक आहे, कारण तो दिसत नाही. मेप कमी अंदाजाला बक्षीस देतो.

समजा एखाद्या वस्तूची मागणी अर्ध्या महिन्यांत २० आणि अर्ध्या महिन्यांत १८० आहे, आणि कोणत्या महिन्यात काय होईल हे आधी कळत नाही. शहाणा माणूस १०० चा अंदाज देईल. प्रत्येक महिन्यात तो ८० नगांनी चुकेल. २० च्या महिन्यात ती चूक ४०० टक्के, १८० च्या महिन्यात ४४.४ टक्के, मेप २२२ टक्के. आता दुसरा माणूस दर महिन्याला २० च सांगतो. अर्ध्या महिन्यांत त्याची चूक शून्य, उरलेल्यांत १६० नग म्हणजे ८८.९ टक्के, मेप ४४.४. नगांत दोघांची सरासरी चूक सारखीच, ८०. आणि तिसरा माणूस कामच करत नाही, दर महिन्याला शून्य सांगतो. त्याची चूक दरवेळी शंभर टक्के, मेप १००. म्हणजे शहाण्याच्या निम्म्याहूनही कमी. मेपच्या दरबारात "मला माहीत नाही, शून्य धरा" म्हणणारा माणूस विचार करून १०० सांगणाऱ्यापेक्षा दुपटीने हुशार ठरला.

कारण उघड आहे. अंदाज शून्याखाली जात नाही, म्हणून कमी सांगून होणारी चूक शंभर टक्क्यांवर थांबते. जास्त सांगून होणाऱ्या चुकीला वर छतच नाही. त्यामुळे दोन पद्धतींपैकी जी सतत थोडं कमी सांगते, तिला मेपमध्ये आयती उडी मिळते. आणि कुणाचं वार्षिक मूल्यमापन मेपवर ठेवलं असेल तर तो माणूस वर्षभरात हे न शिकवता शिकतो. मी असे अंदाज पाहिले आहेत. मेप दर तिमाहीला सुधारत होता आणि माल संपल्याच्या तक्रारी वाढत होत्या.

म्हणून आकार बघून झाला की दिशाही बघायची. दिशा बघायला चुका चिन्हासकट मिळवायच्या. आपल्या तक्त्यात अंदाजातून मागणी वजा करत गेलं तर सरासरीच्या पद्धतीची बेरीज येते +२३० आणि भोळ्याची +९०. दोन्ही पद्धतींनी एकूण जास्तच सांगितलं. ही बेरीज मॅडने भागली की जो आकडा येतो त्याला ट्रॅकिंग सिग्नल म्हणतात. इथे तो २ आणि ०.६७ येतो. कामात बरेच जण ४ ही सीमा धरतात, तिच्या आत दोन्ही आहेत. मेप कमी आणि ट्रॅकिंग सिग्नल उणे बाजूला घसरत चाललेला, अशी जोडी दिसली की समजावं, पद्धत सुधारलेली नाही, ती कमी सांगायला शिकली आहे. काही सॉफ्टवेअर मागणीतून अंदाज वजा करतात, तिथे चिन्ह उलटं येतं. तेवढं आधी तपासून घ्या.

मग टक्क्यांत सांगायचं असेल तर काय करायचं? भागाकार शेवटी करायचा. आधी सगळ्या महिन्यांच्या चुकांची बेरीज, मग सगळ्या महिन्यांच्या मागणीची बेरीज, आणि एकाला दुसऱ्याने एकदाच भागायचं. याला वेप म्हणतात, कुठे कुठे भारित मेप. आपल्या सहा महिन्यांची एकूण मागणी १,९५० नग. ६९० भागिले १,९५० म्हणजे ३५.४ टक्के, ८१० भागिले १,९५० म्हणजे ४१.५ टक्के. निकाल मॅडसारखाच येतो, येणारच, कारण दोन्ही पद्धतींना एकाच आकड्याने भागलं आहे. एक नग कोणत्याही महिन्यातला असो, वजन तेच. एक्सेलमध्ये B रकान्यात मागणी आणि C रकान्यात अंदाज असेल तर पहिली ओळ वेप देते आणि दुसरी मेप:

```
=SUMPRODUCT(ABS(B2:B7-C2:C7))/SUM(B2:B7)
=SUMPRODUCT(ABS(B2:B7-C2:C7)/B2:B7)/6
```

दुसऱ्या ओळीचा आणखी एक धोका आहे. B मध्ये एखाद्या महिन्याची मागणी शून्य असली की उत्तर येतं `#DIV/0!`. मग कुणीतरी दर महिन्याच्या टक्क्याभोवती `IFERROR(...,0)` गुंडाळतो आणि पाटी स्वच्छ होते. पण त्याने काय केलं बघा: मागणी शून्य आणि अंदाज ३०० असलेला महिना, म्हणजे वर्षातला सर्वांत वाईट महिना, त्याने "चूक शून्य" म्हणून नोंदवला. कधीकधी तो महिना नुसता गाळला जातो, तेही फार बरं नाही. दोन पद्धतींची तुलना हाती आली की मी आधी सूत्रात `IFERROR` शोधतो. दर दोनतीन महिन्यांनी एखादाच नग जाणाऱ्या वस्तूंना तर मेप लावूच नये. त्यांच्यासाठी १९७२ पासून क्रॉस्टन यांची वेगळी पद्धत आहे आणि तिची मोजणीही वेगळी करावी लागते.

मेपचे हे दोष दुरुस्त करायचे प्रयत्न बरेच झाले. सममित मेप नावाच्या प्रकारात मागणी आणि अंदाज यांच्या सरासरीने भागतात. पण मागणी शून्य असली की अंदाज ५ असो वा ५००, चूक २०० टक्केच येते, त्यामुळे मला तो अर्धवट वाटतो. २००६ मध्ये हाइंडमन आणि कोलर यांनी सुचवलेलं मेस हे माप मला जास्त पटतं. त्यात पद्धतीच्या सरासरी चुकीला भोळ्या पद्धतीच्या सरासरी चुकीने भागतात. ही भोळी चूक जुन्या, म्हणजे पद्धत बसवताना वापरलेल्या महिन्यांतून घेतात. आपल्याकडे जुने महिने तीनच आहेत, म्हणून मी इथे चाचणीच्याच सहा महिन्यांचा भागाकार करतो: ११५ भागिले १३५ म्हणजे ०.८५. हा काटेकोर मेस नव्हे, पण अर्थ तोच. आळशी माणसाच्या १०० चुकांच्या जागी आपल्या पद्धतीने ८५ केल्या. एकाच्या वर आकडा गेला तर ती पद्धत चालवण्याचे कष्ट घ्यायचे कशाला, हा प्रश्न तिथेच उभा राहतो.

इथवर मी एक गोष्ट गृहीत धरली होती, आणि तीच बहुतेक तुलनांमध्ये चुकते. वरच्या तक्त्यात प्रत्येक अंदाज एक महिना आधीचा आहे. सहावा महिना संपला, २८० हा आकडा कळला, आणि मग सातव्याचा अंदाज काढला. पण सील मागवल्यापासून हातात यायला पूर्ण एक महिना लागत असेल तर सातव्या महिन्यासाठीची ऑर्डर पाचव्या महिन्याच्या अखेरीस गेलेली असते. तेव्हा २८० कुणाला माहीत होता?

पाचव्याच्या अखेरीस भोळी पद्धत सातव्यासाठी ४०० म्हणते, सरासरीची ४२०. सातव्या महिन्यातली भोळ्या पद्धतीची ती शंभर नगांची कमाई वीस नगांवर येते. आठव्यासाठी सहाव्याच्या अखेरीस ती २८० सांगते आणि १२० ने चुकते, सरासरीची पद्धत ३८० सांगते आणि फक्त २० ने. नवव्यासाठी सातव्याच्या अखेरीस भोळी पद्धत मंदीचा आकडा १०० तसाच पुढे ढकलते आणि २१० ने चुकते, सरासरीची ५० ने. पाचव्या ते नवव्या महिन्यांची बेरीज केली की एकूण चूक सरासरीची ५७० नग आणि भोळ्याची ८१०.

आणि मेप? सरासरीचा ८०.७ टक्के, भोळ्याचा ९२.४. याच पाच महिन्यांत एक महिना आधीच्या अंदाजावर तो ७८.२ आणि ६८.४ होता. म्हणजे मेपने दिलेला निकाल नुसता अंदाज कधी काढला हे बदलल्यावर फिरला. दोन पद्धतींची तुलना कुणी तुमच्यापुढे ठेवली तर "मेप किती" याच्या आधी "किती आधीचा अंदाज" हे विचारा. उत्तर लगेच आलं नाही तर ती तुलना पुरवठ्याच्या मुदतीशी जुळवलेली नाही, असं खुशाल समजा. जुने अंदाज काढले त्याच दिवशी जपून ठेवण्याची सवय असावी लागते ती यासाठीच. दर महिन्याला तीच फाइल नव्या आकड्यांनी भरत गेलं की सहा महिन्यांनी कोणता अंदाज कधीचा, हे कुणालाच सांगता येत नाही.

तर सीलसाठी मी सरासरीची पद्धत ठेवेन. पण ठामपणे नाही. ती सहापैकी चार महिन्यांत जवळ होती हे खरं, पण नाणं सहा वेळा उडवलं तरी चार किंवा जास्त छापे पडण्याची शक्यता ६४ पैकी २२, म्हणजे तिनात एक असते. इतक्या थोड्या महिन्यांवर दोन सारख्या पद्धतीही अशा वेगळ्या दिसू शकतात. निदान चोवीस महिन्यांचे आकडे घेऊन, एकेक महिना पुढे सरकत, दरवेळी फक्त तोवर माहीत असलेल्या मागणीवर अंदाज काढून हा तक्ता पुन्हा भरायला हवा. आणि कारखाना बंद राहणार हे ग्राहकाने विक्रीच्या माणसाला आधी सांगितलं होतं का, तेही विचारायला हवं. सांगितलं असेल तर सातव्या महिन्यातले २८० नग यातल्या कुठल्याच पद्धतीची चूक नव्हती.